पीककर्जाच्या उताऱ्यातून खरी बाकी कशी काढायची

प्रश्न: आण्णांचं बँकेत केसीसीवर म्हणजे किसान क्रेडिट कार्डवर पीककर्ज आहे, लातूरकडे सोयाबीन आणि हरभरा करतो आम्ही. १० जून २०२४ ला ९०,००० उचलले, ५ नोव्हेंबरला हरभऱ्यासाठी ४०,०००. २० डिसेंबरला सोयाबीन विकून ५०,००० भरले, यंदा १५ जुलैला अजून २०,०००. मुदत ९ जून २०२५ होती. आण्णा म्हणतात बाकी ६०,०००. उताऱ्यात शेवटच्या ओळीला ६५,२४१ आहे. बँकेतले साहेब म्हणतात २० ऑगस्टला बंद करायचं तर ६७,८४९ लागतील. दर पण आधी ७ टक्के होता आता १०.५ झालाय. कुणाचं खरं धरायचं?

उत्तर:

दादा, तिघांचेही आकडे बरोबर आहेत, फक्त तिघं वेगवेगळ्या गोष्टी मोजतायत. आण्णा मुद्दल सांगतायत. उतारा मुद्दल अधिक आजवर नावे टाकलेलं, म्हणजे खात्यात देणं म्हणून लिहिलेलं व्याज सांगतोय. आणि साहेब त्यात अजून नावे न टाकलेलं पण चढलेलं व्याज पण धरतायत. कर्ज बंद करायला साहेबांचाच आकडा लागतो, पण तो त्यांनी सांगितला म्हणून मान्य करू नका, तो स्वतः काढून बघता येतो, वही, पेन आणि मोबाईलमधला कॅल्क्युलेटर एवढंच लागतं. मी कृषी कर्जाच्या टेबलावर बरीच वर्षं काढलीत आणि आता गावाकडच्या लोकांचे उतारे तपासून देते, त्यामुळे ज्या क्रमाने मी बघते त्याच क्रमाने सांगते.

आधी एक गोष्ट, बराचसा हिशोब तुमच्या सँक्शन लेटरवर म्हणजे कर्जमंजुरीच्या पत्रावर अवलंबून आहे. मुदत कोणती, मुदतीनंतर दर काय, व्याज वर्षातून एकदा नावे पडतं का सहा महिन्यांनी, हे बँकेप्रमाणे बदलतं. पत्र घरात सापडत नसेल तर शाखेत अर्ज देऊन कॉपी मागा. मी खाली जे धरलंय ते तुम्ही दिलेल्या तारखा आणि दरांवरून धरलंय.

आता उतारा समोर घ्या आणि पेन्सिलने प्रत्येक ओळीपुढे खूण करा. उचल असेल तर उ, भरणा असेल तर भ, व्याज असेल तर व्या, आणि बाकी सगळं म्हणजे विम्याचा हप्ता, तपासणी फी, दंडाची रक्कम हे इ म्हणजे इतर. कर्जखात्यात नावे बाजू (`Dr`) म्हणजे तुमचं देणं वाढलं आणि जमा बाजू (`Cr`) म्हणजे कमी झालं, बचत खात्याची सवय असते म्हणून लोक इथेच उलटं वाचतात. उताऱ्यावर दोन तारखा असतील तर व्याजासाठी जी तारीख धरतात ती म्हणजे व्हॅल्यू डेट घ्या, चेकने भरलं असेल तर या दोन तारखांत दोनतीन दिवसांचा फरक असू शकतो. आणि मोबाईल ॲपमध्ये `Available` म्हणून जो आकडा दिसतो त्याचा बाकीशी संबंध नाही, ती लिमिटमधली उरलेली रक्कम असते, आणि मुदत टळलेल्या खात्यातून ती उचलू देतीलच असंही नाही.

खुणा झाल्या की तुमच्या उताऱ्यात दोन उचली, दोन भरणे आणि ३१ मार्च २०२५ ची एक व्याजाची नोंद दिसायला हवी, ५,२४१ रुपयांची. उचलीतून भरणे वजा केले की आण्णांचे ६०,००० येतात, त्यात ती व्याजाची नोंद मिळवली की ६५,२४१. म्हणजे उताऱ्यात दुसरं काही लपलेलं नाही, फी नाही, विमा नाही, हे इथेच कळतं. ही बेरीज जुळली नाही तर पुढे जाऊच नका, एखादी ओळ सुटली आहे किंवा उतारा अर्धवट तारखेपासून काढलाय आणि सुरुवातीची बाकी धरायची राहिलीय.

आता ते ५,२४१ बरोबर आहेत का बघू. केसीसी हे कॅश क्रेडिट खातं आहे, व्याज रोजच्या बाकीवर चढतं, त्यामुळे बाकी जिथे जिथे बदलली तिथे तिथे काळाचे तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकड्याला एकच सूत्र लावायचं:

```
व्याज = बाकी × दिवस × दर ÷ ३६५००
```

पहिला तुकडा १० जून ते ४ नोव्हेंबर. बाकी ९०,०००, दिवस १४८, दर ७. व्याज येतं २,५५४.५२. उचलीचा दिवस मोजायचा आणि पुढची नोंद ज्या दिवशी आहे तो दिवस पुढच्या तुकड्यात टाकायचा, म्हणजे एक दिवस दोनदा मोजला जात नाही. दुसरा तुकडा ५ नोव्हेंबर ते १९ डिसेंबर, बाकी १,३०,०००, दिवस ४५, व्याज १,१२१.९२. तिसरा तुकडा २० डिसेंबर ते ३१ मार्च, ५०,००० भरल्यामुळे बाकी ८०,०००, दिवस १०२, व्याज १,५६४.९३. तिन्ही तुकड्यांची बेरीज ५,२४१.३७, बँकेने ५,२४१ नावे टाकलेत. जुळलं.

दिवसांची बेरीज पण एकदा करा, १४८ अधिक ४५ अधिक १०२ म्हणजे २९५, आणि १० जूनपासून ३१ मार्चपर्यंत दोन्ही दिवस धरून २९५च होतात. माझ्याकडे येणाऱ्या हिशोबांत चूक निघते ती बहुतेक वेळा दिवसांत निघते, गुणाकारात नाही.

आता इथून पुढे खरा गोंधळ सुरू होतो. ३१ मार्चनंतर उताऱ्यात व्याजाची एकही ओळ नाही, म्हणून वाटतं व्याज थांबलंय. थांबलेलं नसतं, ते रोज चढत असतं आणि बँकेच्या सिस्टिममध्ये बाजूला साठत असतं, पुढची व्याज आकारणीची तारीख आली की एकदम नावे पडतं. तुम्ही १५ जुलैला २०,००० भरले तेव्हा शेवटची बाकी ६५,२४१ झाली, पण ती ओळ १ एप्रिलपासूनचं व्याज धरतच नाही.

१ एप्रिल ते ९ जून म्हणजे मुदतीपर्यंत ७० दिवस, दर अजून ७च. इथे बाकी कोणती धरायची हा कळीचा मुद्दा आहे. उताऱ्यात ८५,२४१ दिसत होते पण त्यातले ५,२४१ हे व्याज आहे, आणि मुदत न टळलेल्या पीककर्जावर व्याजावर व्याज लावायचं नाही असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. म्हणून ८०,००० वरच मोजायचं, १,०७३.९७ येतात. ८५,२४१ वर मोजलं असतं तर १,१४४ आले असते. फरक फक्त ७० रुपयांचा आहे, पण बँकेने कोणत्या बाकीवर मोजलंय हे त्या ७० रुपयांवरूनच ओळखता येतं, आणि ज्याचं कर्ज अडीच-तीन लाखांचं आहे त्याच्या खात्यात हाच फरक मोठा होतो.

१० जूनपासून दोन गोष्टी एकदम बदलल्या. एक, दर. ७ टक्के हा बँकेचा स्वतःचा दर नाही, तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जावर केंद्र सरकार बँकेला १.५ टक्के व्याज सवलत देतं म्हणून तो ७ आहे, आणि ही सवलत मुदतीपर्यंतच असते, जास्तीत जास्त एक वर्ष. मुदत टळली की बँकेचा नेहमीचा दर लागतो, तुमच्याकडे तो १०.५. दुसरं, मुदत टळल्यावर नावे पडलेलं व्याजही थकीत झालं, त्यामुळे आता त्यावरही व्याज लागतं आणि पूर्ण ८५,२४१ धरायचे.

१० जून ते १४ जुलै ३५ दिवस, ८५,२४१ वर १०.५ ने ८५८.२५. मग १५ जुलैला २०,००० भरले, बाकी ६५,२४१, तिथून १९ ऑगस्टपर्यंत ३६ दिवस, ६७५.६५. भरायच्या दिवसाचं म्हणजे २० ऑगस्टचं व्याज धरत नाहीत.

आता साठलेलं व्याज एकत्र करा, १,०७३.९७ अधिक ८५८.२५ अधिक ६७५.६५ म्हणजे २,६०७.८७. ६५,२४१ मध्ये मिळवा, ६७,८४८.८७. साहेबांनी सांगितलेले ६७,८४९ हेच. मध्येच बँकेने दर बदलला असता तर त्या तारखेला अजून एक तुकडा पाडायचा, बाकी पद्धत तीच. पेपरात रेपो दर कमी झाला वाचून लोक लगेच कमी दराने मोजतात, पण तुमच्या खात्याला नवा दर कधी लागला ते खात्यावरची रीसेटची तारीखच सांगते.

तुमचा आकडा जुळला, पण तुमच्यासारखाच प्रश्न घेऊन येणाऱ्या बऱ्याच जणांचा जुळत नाही, म्हणून फरक किती आहे त्यावरून कारण कसं ओळखायचं ते सांगते. फरक वीस-बावीस रुपयांचा असेल तर बहुतेक बँकेने मुदतीच्या दिवशीच ते १,०७४ नावे टाकून पुढचं व्याज त्यावरही मोजलंय, त्यात भांडण्यासारखं काही नाही. ७० च्या आसपास असेल तर मुदतीच्या आतच व्याजावर व्याज लावलंय, हे लेखी विचारा. आणि बँकेचा आकडा ७१,००० च्या आसपास आला असता तर समजायचं की मुदत टळली म्हणून त्यांनी पहिल्या दिवसापासून १०.५ लावलाय, कारण मुदतीपर्यंतचं ७ टक्क्यांचं व्याज ६,३१५ होतं आणि साडेतीन टक्के जास्तीचे म्हणजे त्याच्या निम्मे, ३,१५८. हे मान्य करू नका. उशीर झाला म्हणून मुदतीआधीची १.५ टक्क्यांची सवलत मागे जाऊन काढून घ्यायची नसते, तुमची जाते ती वेळेत भरल्याची वेगळी सवलत. फरक कशातच बसत नसेल तर दंड बघा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे आता थकलेल्या कर्जावर दंडव्याज म्हणून दर वाढवता येत नाही, दंड शुल्क म्हणून वेगळी रक्कम लावता येते आणि त्या शुल्कावर पुढे व्याज लावता येत नाही. म्हणजे दंड असेल तर तो उताऱ्यात वेगळ्या ओळीत दिसला पाहिजे.

तुमच्या बाबतीत एक गोष्ट मात्र शाखेत जाऊन विचाराच. साहेबांचा आकडा माझ्या हिशोबाशी जुळतोय म्हणजे बँकेने सगळ्या बाकीला एकच मुदत धरलीय, ९ जून. पण ५ नोव्हेंबरची ४०,००० ची उचल रब्बीची होती. काही बँका प्रत्येक उचलीला तिच्या तारखेपासून वेगळी मुदत धरतात, आणि भरणा आधी जुन्या उचलीत वळता करतात. तसं असतं तर डिसेंबरचे ५०,००० खरिपाच्या ९०,००० मधून गेले असते, ९ जूनला खरिपाचे ४०,००० तेवढे थकले असते आणि हरभऱ्याचे ४०,००० अजून मुदतीत असते. १०.५ चा दर त्या भागाला लागलाच नसता, आत्तापर्यंत साधारण पावणेतीनशे रुपये वाचले असते आणि वेळेत भरल्याची सवलत निदान त्या भागापुरती जिवंत राहिली असती. सँक्शन लेटरमध्ये रब्बीला वेगळी मुदत लिहिलेली असेल तर पैसे भरायच्या आधी हे बोला, भरल्यावर नाही.

सवलतीचं पण सांगते कारण उतारा वाचताना ती सगळ्यात जास्त फसवते. मुदतीत सगळं भरलं तर केंद्राची ३ टक्के सवलत मिळते आणि आपल्या राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना तीन लाखांपर्यंत अजून ३ टक्के देते. पण हे पैसे त्याच दिवशी येत नाहीत, आधी ७ टक्क्यांनी पूर्ण व्याज नावे पडतं, तुम्ही भरता, आणि सवलत नंतर कधीतरी जमा होते, कधी कर्जखात्यात तर कधी बचत खात्यात. तोपर्यंत नवीन उचल झालेली असते, त्यामुळे ती जमा नवीन बाकीतून वजा दिसते. खूण करताना तिला भ लावू नका, वेगळं स लिहा, नाहीतर पुढच्या वर्षी तुम्हाला वाटेल आपण यंदाचं काही भरलंय. आण्णांची मुदत टळल्यामुळे ६,३१५ व्याजातली केंद्राची सवलत, साधारण २,७०० रुपये, ती आता येणार नाही, म्हणून २० ऑगस्टच्या आकड्यातून ती वजा करू नका.

जुन्या वर्षांचा उतारा काढलात तर त्यात नवं-जुनं केलेलं दिसेल. एकाच दिवशी मोठी रक्कम जमा आणि त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी तेवढीच किंवा थोडी जास्त नावे. सगळ्या उचली बेरजेत घेतल्या की वाटतं दोन लाखांचं कर्ज पाच लाख झालं. तिथे हिशोब नव्याने सुरू करायचा, नवीन उचलीच्या तारखेपासून पहिला तुकडा. मागच्या वर्षाचं फक्त एवढंच बघायचं की जुनी बाकी खरंच शून्यावर आली होती का. अतिवृष्टी किंवा दुष्काळात पुनर्गठन झालं असेल तर रक्कम वेगळ्या मुदत कर्जाच्या खात्यात गेलेली असते, पीककर्जाच्या उताऱ्यात ती जमा दिसते पण फिटलेली नसते, त्या दुसऱ्या खात्याचाही उतारा काढा. मोटार किंवा पाइपलाइनचं कर्ज पण असंच वेगळ्या खात्यात असतं.

हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांचं कर्ज गावच्या सोसायटीतून, जिल्हा बँकेचं आहे, त्यांच्यासाठी थोडं वेगळं आहे. तिथे खरिपाची मुदत साधारण ३१ मार्च आणि रब्बीची ३० जून असते, दोन्ही कर्जं वेगळी चालतात आणि मुद्दल आणि व्याज वेगळ्या रकान्यांत असतं, त्यामुळे वाचायला सोपं जातं. पण तुमचं देणं सोसायटीला असतं, म्हणून गटसचिवांकडून खतावणीतला तुमचा उतारा घ्या आणि तुमच्याकडच्या भरणा पावत्यांशी तारखेने जुळवा. पावतीची तारीख आणि खतावणीतली जमा तारीख यात अंतर असेल तर तेवढ्या दिवसांचं व्याज तुमच्यावर चढतं, आणि ३१ मार्चच्या आसपास भरलेलं असेल तर पूर्ण सवलतच जाते. असं दिसलं तर पावतीची झेरॉक्स लावून लगेच अर्ज द्या.

आता भरायच्या दिवशी काय करायचं ते. उताऱ्यातले ६५,२४१ भरून घरी येऊ नका, तसं केलं तर उतारा त्या दिवशी शून्य दाखवेल आणि पुढच्या आकारणीला २,६०८ रुपये परत नावे पडतील, खातं थकीतच राहील आणि सिबिलवरही तसंच दिसेल. शाखेत अर्ज द्या की अमुक तारखेला खातं बंद करण्यासाठी किती रक्कम लागेल ते लेखी द्यावं आणि सोबत व्याज आकारणीचा तक्ता द्यावा, त्यात तारखा, बाकी, दिवस आणि दर असे रकाने असतात, तुमच्या वहीतल्या तुकड्यांशी ओळीला ओळ जुळवा. एखाद-दुसरा दिवस पुढेमागे झाला तर सध्याच्या बाकीवर रोजचे साधारण १९ रुपये वाढतात, त्या हिशोबाने थोडे जास्त पैसे जवळ ठेवा. भरल्यावर दोनतीन दिवसांनी परत उतारा काढा, शेवटची बाकी शून्य आणि न आकारलेलं व्याज पण शून्य आहे ना ते काउंटरवर विचारा.

आणि बंद करायचंय का नवं-जुनं करायचंय हे आण्णांशी आधी ठरवा, कारण दोन्हीला लागणारी रक्कम तीच आहे पण कागद वेगळे. कायमचं बंद करत असाल तर बेबाकी दाखला घ्या आणि तो तलाठ्याकडे देऊन सातबाऱ्याच्या इतर हक्कातला बोजा कमी करून घ्या. रब्बीला परत उचलायचं असेल तर ६७,८४९ भरून नूतनीकरणाचा अर्ज द्या आणि नवीन पत्रावर खरीप आणि रब्बीची मुदत वेगळी लिहून मागा. सँक्शन लेटर सापडलं तर त्यातला मुदतीचा परिच्छेद इथे टाका, नाव आणि खाते नंबर झाकून, मी बघून सांगते.